एकशे बारा अभिनंदनांची उत्तरं

१४ जुलै २०१३ च्या रात्री आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. तिच्यासोबत शुभेच्छांच्या तारांची पद्धतही गेली. तार कार्यालयात ठरावीक वाक्यांची एक यादी असे. लग्नासाठी एक वाक्य, परीक्षेतल्या यशासाठी एक, बाळाच्या जन्मासाठी एक, आणि प्रत्येकाला क्रमांक. पाठवणाऱ्याने फॉर्मवर क्रमांक लिहायचा, तारेतून तेवढा आकडा जायचा, आणि पलीकडच्या गावातला कारकून यादीत बघून पूर्ण वाक्य उतरवून द्यायचा. शुभेच्छांबद्दल आभार मानणारं वाक्यही त्याच यादीत होतं. म्हणजे अभिनंदन एका आकड्याने यायचं आणि त्याचं उत्तर दुसऱ्या आकड्याने जायचं. त्यात कुणाला कोरडेपणा वाटत नसे. तारेला शब्दांवर पैसे पडत, ती घेऊन माणूस दाराशी येई, आणि मुख्य म्हणजे आपल्याला आलेलं वाक्य शेजाऱ्याला आलेल्या वाक्याजवळ ठेवून कुणी वाचत नसे.

आज नेमकं तेच होतं. माझी भाची मुलुंड पश्चिमेला राहते. तीन वर्षं आर्टिकलशिपसाठी ती मुलुंडहून लोकलने घाटकोपरला आणि तिथून मेट्रोने चकाल्याला जात होती. सीए फायनलचा तिचा एक ग्रुप आधी सुटला होता, दुसरा तिसऱ्या खेपेला सुटला. निकालाच्या दुपारी माझ्या मेव्हण्यांनी ती बातमी घरच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. रात्रीपर्यंत दोन्हीकडचे आणि तिच्या स्वतःच्या फोनवरचे मिळून एकशे बारा निरोप आले होते. मुलगी गुणी. प्रत्येकाला उत्तर द्यायचं म्हणून बसली आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकेकाला लिहीत गेली, ‘थँक यू सो मच काका’, ‘थँक यू सो मच काकू’, ‘थँक यू सो मच आजोबा’. पंचविसाव्या उत्तराच्या सुमाराला तिचं तिलाच कसंतरी वाटायला लागलं. तिने मला फोन केला आणि म्हणाली, “मावशी, मला खरंच सगळ्यांबद्दल छान वाटतंय गं, पण लिहिलेलं वाचलं की खोटं वाटतंय.”

तिला जे वाटलं त्याला दोन वेगळी कारणं होती आणि ती वेगळी धरली तरच उपाय सापडतो.

पहिलं कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हटला की थोड्या वेळाने त्याचा अर्थ विरतो आणि नुसता आवाज उरतो. लहानपणी आपण ‘वाटी, वाटी, वाटी’ म्हणत हा खेळ केलेला असतो. लिऑन जेकोबोवित्स या मानसशास्त्रज्ञाने १९६२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात या अनुभवाचा अभ्यास केला. पंचविसाव्या ‘थँक यू’ला भाचीला जे जाणवलं ते हेच होतं. शब्द तिच्यापुरता विझला होता, वाचणाऱ्यापुरता नव्हे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तो एकदाच वाचला असता तर त्यांना तो पुरेसा ऊबदार वाटला असता.

पण काकांनी तो एकदाच वाचला नव्हता, आणि हे दुसरं कारण. सोसायटीच्या ग्रुपवर ती पंचवीस उत्तरं एकाखाली एक होती. आपल्याला मिळालेलं वाक्य वरच्यालाही मिळालंय आणि खालच्यालाही, हे प्रत्येकाला दिसत होतं. एकट्याला पाठवलेल्या निरोपात ‘खूप आनंद झाला काका’ हे वाक्य चाळीस जणांना गेलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. चारचौघांसमोर ते दुसऱ्यांदा आलं की पहिल्याचंही मोल उतरतं. त्यामुळे काय लिहावं याच्या आधी कुठे लिहावं हे ठरवावं लागतं. आम्ही ठरवलं की ग्रुपवर सगळ्यांना मिळून एकच नीट निरोप जाईल आणि वेगळं काही सांगण्यासारखं आहे त्यांना खासगीत लिहायचं. सोसायटीच्या फोनांवरची टिंगटिंगही त्याने थांबली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी मुलुंडला गेले. आम्ही फोन समोर ठेवला, पण उत्तर एकही लिहिलं नाही. आधी सगळे एकशे बारा निरोप वाचून काढले. निरोप येईल तसं उत्तर देत गेलं की पहिल्या दहा जणांवर सगळे चांगले शब्द खर्च होतात आणि अकराव्याने काही खास लिहिलेलं असलं तर त्याच्यासाठी हाताशी काही राहत नाही. शिवाय घाईत वाचताना लोकांनी खरोखर काय लिहिलंय ते दिसतच नाही. शांतपणे वाचल्यावर दिसलं की सत्तरेक निरोप ‘अभिनंदन’, ‘काँग्रॅट्स’ किंवा फुलांचं चित्र एवढेच होते. वीसेक थोरांचे आशीर्वाद होते. पंधराएक जणांनी काहीतरी स्वतःचं लिहिलं होतं, एखादी आठवण, एखादा प्रश्न. आणि उरलेल्या चारपाच जणांना काय लिहावं हे आम्हा दोघींनाही चटकन सुचेना.

त्या सत्तरांचं काम सोपं होतं, आणि तिथे जास्त लिहिणं ही चूक ठरली असती. ज्याने एक शब्द लिहिला त्याला चार ओळींचं उत्तर गेलं की त्याला उगाच ओशाळल्यासारखं होतं, आपण एवढंसंच लिहिलं असं वाटतं. मे २०२२ पासून व्हॉट्सॲपवर निरोपाखाली नुसता बदाम किंवा जोडलेले हात उमटवायची सोय आहे. एका शब्दाच्या निरोपाला ते शोभून दिसतं. पाहिलं, आवडलं, एवढं त्यातून पोचतं. ग्रुपवरचा सामाईक निरोप मात्र तिने विचार करून लिहिला. आधी तिचा मसुदा असा होता: ‘आपल्या सर्वांच्या प्रेमाबद्दल व शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक धन्यवाद.’ यात चुकीचं काही नाही, फक्त हे कुणीही कुणालाही लिहू शकतं. मी तिला विचारलं, सोसायटीने तुझ्यासाठी खरंच काय केलं? ती हसली आणि म्हणाली, “परीक्षेच्या महिन्यात गच्चीवरचा स्पीकर नऊलाच बंद व्हायचा.” मग निरोप असा झाला: ‘मे महिन्यात गच्चीवरचे वाढदिवस नऊ वाजता आवरते घेतलेत, ते मला खालून ऐकू येत होतं. म्हणजे ऐकू येत नव्हतं. तो अभ्यास सगळ्यांचा आहे. शनिवारी संध्याकाळी पेढे घेऊन प्रत्येक मजल्यावर येते.’ ‘धन्यवाद’ हा शब्द त्यात कुठेच नाही, आणि कुणाला तो चुकल्यासारखाही वाटला नाही.

यामागे एक पाहणीही आहे. सारा अल्गो आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली जोडीदार एकमेकांचे आभार कसे मानतात ते तपासलं. आभारांत साधारण दोन प्रकारचं बोलणं असतं. एकात आपण आपल्याबद्दल सांगतो: मला किती बरं वाटलं, माझं किती काम झालं. दुसऱ्यात समोरच्याबद्दल सांगतो: तू आठवण ठेवलीस, तू वेळ काढलास, ते तुलाच सुचलं. ऐकणाऱ्याला जास्त बरं वाटण्याशी संबंध दिसला तो या दुसऱ्या बोलण्याचा. अभिनंदनांची उत्तरं एकसारखी होतात ती इथेच. ‘मला खूप छान वाटलं’ याचे रंग बदलून बदलून किती बदलणार? खूप, फार, अतिशय, मनापासून. पाचव्या उत्तराला शब्द संपतात. समोरची माणसं मात्र एकशे बारा वेगवेगळी आहेत. वाक्याचा कर्ता ‘मी’ऐवजी ‘तुम्ही’ केला की उत्तर आपोआप निराळं होतं, त्यासाठी प्रतिभा लागत नाही.

मराठी यात मदत करते. इंग्रजी आभाराची सुरुवात बहुतेक वेळा ‘थँक’ या एकाच शब्दाने होते आणि आपणही तीच सवय उचलली. मराठीत वाक्य कुठूनही सुरू करता येतं आणि त्याचा जोर बदलतो. ‘काका, सगळ्यांत आधी तुमचा फोन आला होता.’ ‘आला होता हं तुमचा फोन, काका, सगळ्यांच्या आधी.’ ‘निकाल बाबांनाही कळला नव्हता तेव्हा तुमचा फोन!’ सांगणं एकच, पण तिन्ही वाक्यांचा सूर वेगळा. हाक सुरुवातीला आली की थेट बोलल्यासारखं होतं, शेवटी आली की लाड वाटतो. तू, तुम्ही आणि आपण यांतलं कोणतं वापरायचं ते मात्र प्रत्यक्ष भेटीत जे असेल तेच ठेवावं. जिला ‘ए आत्या’ म्हणतो तिला लिहिताना ‘आपण दिलेल्या शुभेच्छा’ असं झालं की ती निमंत्रणपत्रिका वाटते.

घरच्या ग्रुपवरच्या उत्तरांना एक वेगळी अडचण होती आणि ती फार आपली आहे. मराठी घरात जवळच्या माणसाचे आभार मानले की तो दुखावतो. ‘आभार कसले मानतेस, परकी आहेस का?’ हे मी माझ्या आईकडून कितीदा ऐकलंय. मावशी, आत्या, मामा यांना ‘धन्यवाद’ म्हणजे दारातूनच परत पाठवल्यासारखं. जुनी माणसं या ठिकाणी तोंडाने आभार मानतच नसत. निकाल लागला की देवापुढे पेढे ठेवून थोरांच्या पाया पडायचं, त्यांच्या हातावर पेढा ठेवायचा आणि त्यांनी पाठीवर हात फिरवायचा. हेच अभिनंदन आणि हेच त्याचं उत्तर. वीस घरी गेलं तरी ते शिळं होत नसे, कारण प्रत्येक दारात बोलणं वेगळं निघे. लिहून उत्तर देताना त्यातली कृती लेखणीत आणावी लागते. ‘नमस्कार करते, आजी’ हे वाक्य वाचलं की पाया पडल्याचं चित्र उभं राहतं. बोरिवलीच्या आत्याला तिने लिहिलं, ‘गुरुवारी येते. खिचडी कर, पेढे मी आणते.’ आत्याचं उत्तर लगेच आलं, किती वाजता एवढंच.

आशीर्वादांची उत्तरं याच कारणाने थोडी सारखी राहिली तरी चालतात. ‘खूप मोठी हो’ याला ‘नमस्कार करते’ हेच उत्तर आहे. तो ठरलेला शिष्टाचार आहे आणि थोरांना तो ठरलेलाच हवा असतो. नवं काही घडवायला गेलं की आगाऊपणा वाटतो. सगळीकडे वेगळेपण आणायचा अट्टहास मला पटत नाही. कुठे तेच शब्द हवेत आणि कुठे नकोत, हे ओळखणं जास्त कामाचं.

सर्वांत जास्त वेळ आम्ही त्या पंधरा जणांवर घालवला. शाळेतल्या गणिताच्या बाईंनी लिहिलं होतं, ‘आठवीत वर्गमूळ काढताना रडली होतीस, आठवतं?’ भाचीने आधी लिहिलेलं उत्तर: ‘हो बाई! तुमच्यामुळेच सगळं शक्य झालं.’ मी तिला थांबवलं. ‘तुमच्यामुळेच’ हा शब्द तिने त्याच दिवशी आधी दोघांना लिहिला होता, आणि तिघांमुळे‘च’ काही होत नाही. भाषेचा अभ्यास करणाऱ्या अनिता पोमेरान्त्झने १९७८ साली याबद्दल फार नेमकं मांडलंय. कौतुक झालं की माणूस दोन बाजूंनी ओढला जातो. समोरच्याशी सहमत व्हावं हीही रीत, आणि स्वतःची स्तुती करू नये हीही रीत. मग आपण सुटका शोधतो. कौतुक कमी करतो, परत करतो किंवा श्रेय दुसऱ्यावर ढकलतो. आपल्याकडच्या ‘कसलं काय, नशीब’ आणि ‘सगळी तुमची कृपा’ या दोन्ही त्याच सुटका आहेत. पहिलीत समोरच्याचा आनंद पुसला जातो, कारण तो खूश होऊन आला आणि आपण म्हटलं यात काही विशेष नाही. दुसरी खरी असेल तिथेच बोलावी. बाईंना शेवटी गेलेलं उत्तर असं: ‘आठवतं ना बाई. तुम्ही मला रडू दिलंत आणि मग तेच गणित परत घातलंत. ऑडिटच्या पेपरला बसताना तेच आठवलं होतं.’ श्रेय तेवढंच दिलंय जेवढं बाईंचं होतं, म्हणून ते बाईंचंच राहिलं.

उत्तर पाठवण्याआधी आम्ही एक साधी परीक्षा लावत होतो. वरचं नाव बोटाने झाकायचं आणि विचारायचं, हे उत्तर आणखी कुणाला चालेल? चालत असेल तर त्या माणसाच्या निरोपाकडे पुन्हा जायचं. बहुतेक वेळा त्याच्याच वाक्यात एखादा शब्द मिळतो, तो उचलायचा. अंधेरीच्या ऑफिसातल्या शिपाईकाकांनी लिहिलं होतं, ‘मॅडम आता चहाला ओळख द्याल ना?’ उत्तर गेलं, ‘चार वाजताचा आल्याचा चहा विसरले तर सही अडखळेल काका.’ ‘पार्टी कधी’ विचारणाऱ्यांना तारीख द्यायची किंवा अजून ठरली नाही असं सरळ सांगायचं. प्रश्नाला आभाराने उत्तर दिलं तर विचारणाऱ्याला टाळल्यासारखं वाटतं.

ज्या समोरच्या फ्लॅटमध्ये परीक्षेच्या दिवसांत सकाळी थेपले तयार व्हायचे, त्या घरातल्या गुजराती बांनी लिहिलं नव्हतं, बोलून पाठवलं होतं: ‘घणा घणा अभिनंदन, दीकरा.’ मुलुंड-घाटकोपरला हे रोजचं आहे. एका मजल्यावर तीन भाषा असतात आणि अभिनंदन तिन्ही भाषांत येतं. आम्ही ठरवलं, ज्या भाषेत आणि ज्या रीतीने आलं त्याच भाषेत, त्याच रीतीने परत जावं. बांना मराठीत टंकून पाठवलेलं वाचायला चष्मा शोधावा लागला असता. भाचीने मोडकंतोडकं बोलून पाठवलं: ‘बा, हुं काले आवुं छुं’, आणि पुढे थेपल्यांचं मराठीतच. दारापलीकडून हसण्याचा आवाज आला.

एक ठिकाण मात्र फसलं. तिच्या एका काकांनी दोन वर्षांपूर्वी क्लासची अर्धी फी भरली होती. तिने कृतज्ञतेने घरच्या ग्रुपवर तसं लिहिलं. काकांनी ते स्वतःच्या घरात सांगितलं नव्हतं. तासाभरात माझ्या ताईला दोन फोन आले. निरोप पुसला, पण वाचायचा त्यांनी वाचला होता. नेमकेपणा उत्तराला जिवंत करतो हे खरं, पण जो तपशील दोघांपुरता आहे तो दोघांतच राहू द्यावा. आता असं काही लिहावंसं वाटलं की मी आधी विचारते: हे तिसऱ्याने वाचलं तर?

दहा-दहा उत्तरं झाली की आम्ही उठत होतो. चहा करायचा, खिडकीत उभं राहायचं. जेकोबोवित्सने सांगितलेली ती गोष्ट थोड्या विश्रांतीने ओसरते, शब्द पुन्हा ओला होतो. सगळं संपायला तीन संध्याकाळी लागल्या. उशीर झाला म्हणून कुणी रागावलं नाही. ज्यांना बुधवारी उत्तर गेलं त्यांतल्या दोघांनी तर फोनच केला. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली होती. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना आनंद आणि आश्चर्य जास्त वाटलं, आणि अवघडलेपण कमी. लिहिणारा आपले शब्द बरोबर आहेत का याचीच काळजी करतो. वाचणारा बघतो की याने आपल्यासाठी बसून लिहिलं.

शेवटी राहिला एक निरोप, तो तिने तीन दिवस बाजूला ठेवला होता. तिच्याबरोबर आर्टिकलशिप करणाऱ्या मैत्रिणीचा. ‘अभिनंदन यार. माझं टोटलला गेलं.’ फायनलला प्रत्येक पेपरात चाळीस लागतात आणि ग्रुपच्या बेरजेत निम्मे. मैत्रिणीला प्रत्येक पेपरात चाळिसाच्या वर होते, बेरीज थोडक्यात चुकली. इथे ‘थँक यू’ म्हणणं अशक्य आणि ‘तुझंही होईल’ म्हणणं त्याहून वाईट, कारण ते निकाल लागल्यापासून तिने दहा जणांकडून ऐकलं असणार. आम्ही चार वाक्यं लिहिली आणि चारही पुसली. तिने आपल्या दोन शब्दांच्या आनंदानंतर लगेच स्वतःचं दुःख ठेवलं होतं, म्हणजे तिला बोलायचं होतं. भाचीने अभिनंदनाला उत्तरच दिलं नाही. तिने लिहिलं, ‘उद्या नेहमीच्या साडेआठच्या मेट्रोला. मी घाटकोपरला जिन्याखाली थांबते. माझ्या नोट्स आणतेय, त्यातल्या कॉस्टिंगच्या चुका तूच काढल्या होत्यास.’

सकाळी आठ वीसला मैत्रिणीचा निरोप आला, विक्रोळी सुटलं.